अख्खा मासा आणि बारीक अक्षरं

१७ एप्रिल १९७६ च्या रात्री अमेरिकेतल्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या विनोदी कार्यक्रमात डॅन अ‍ॅक्रॉइड नावाचा तेवीस वर्षांचा नट एका टेबलामागे येऊन उभा राहिला. टेबलावर एक मिक्सर होता. त्याने प्रेक्षकांना तळमळीने विचारलं की घरी बास मासा आणल्यावर तुमचीही अशीच पंचाईत होते ना? खवले काढा, डोकं-शेपूट उडवा, काटे वेचा. एवढा उपद्व्याप हवा कशाला? मग त्याने एक अख्खा मासा, खवल्यांसकट आणि डोक्यासकट, मिक्सरच्या भांड्यात सोडला, झाकण लावलं आणि बटण दाबलं. शेजारी लॅरेन न्यूमन ही अभिनेत्री त्याच तपकिरी रसाचा ग्लास तोंडाला लावून समाधानाने मासा उत्तम असल्याची पावती देत होती. यंत्राचं नाव ‘सुपर बास-ओ-मॅटिक ७६’.

घरगुती वापराच्या अचाट यंत्राची खोटी जाहिरात हा विनोदाचा एक स्वतंत्र प्रकार आहे, आणि त्याचे नियम समजून घ्यायचे तर या माशापासून सुरुवात करणं सोयीचं. अ‍ॅक्रॉइडने पुढे सांगितलं आहे की कल्पना त्याला एका मावशीवरून सुचली. ती पाककृतींवर लिहायची आणि माशाचं सूप करताना तिने खरोखरच अख्खा मासा मिक्सरमध्ये घातलेला त्याने लहानपणी पाहिला होता. म्हणजे ज्या गोष्टीला देश हसला, ती घडलेली होती. अ‍ॅक्रॉइडने तिला फक्त जाहिरातीचे कपडे चढवले.

ते कपडे मात्र अगदी मापाचे होते, आणि ते शिवणारा शिंपी सगळ्या अमेरिकेला ठाऊक होता. त्याचं नाव रॉन पोपील. त्याचे वडील सॅम्युएल पोपील भाज्या चिरायची यंत्रं बनवत आणि रॉन ती शिकागोच्या मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात आणि मोठ्या दुकानांत उभा राहून, प्रात्यक्षिक करून विकत असे. कांदे, बटाटे, काकड्या यांचे ढीग समोर घ्यायचे, हात चालवायचे, तोंड त्याहून जोरात चालवायचं. असं सांगतात की यंत्र इतक्या झपाट्याने चिरायचं की विक्रेत्यांना दिवसभर पुरतील एवढ्या भाज्या वाहून नेणं जमेना. मग प्रात्यक्षिक एकदाच चित्रित करून टीव्हीवर दाखवावं, हा उपाय निघाला. ‘व्हेज-ओ-मॅटिक’ हे त्यांचं गाजलेलं यंत्र, आणि बास-ओ-मॅटिकच्या नावातलं ‘ओ-मॅटिक’ तिथूनच उचललेलं आहे. रॉनच्या कंपनीचं नाव रोंको होतं. अ‍ॅक्रॉइडच्या जाहिरातीतली कंपनी रोवको. बदल एका अक्षराचा.

त्या जाहिरातीत खोटी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे मासा. बाकी सगळं जसंच्या तसं खऱ्या जाहिरातीतलं. यंत्राबरोबर बदलता येणारी दहा पाती मिळतात, एक पुस्तिका मिळते आणि नऊ महिन्यांची हमी मिळते. या नऊ महिन्यांकडे लक्ष द्या. तिथे एक वर्ष लिहिलं असतं तर कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. शंभर वर्षं लिहिलं असतं तर लेखक मागे उभा राहून कोपराने ढोसतोय हे कळलं असतं. नऊ महिने हा आकडा असा आहे की कुठल्यातरी कचेरीत, कुणीतरी चष्मेवाल्याने, हिशेब करून तो ठरवला असावा असं वाटतं. या प्रकारातला विनोद अशा आकड्यांत राहतो.

विडंबनकारापुढची मोठी अडचण ही की मूळ वस्तूच अर्धी हास्यास्पद असते. पोपील यांचं एक खरं यंत्र अंडं न फोडता आतल्या आत फेटायचं. कवचातून एक वाकडी सुई आत जायची, मोटर तिला गरगर फिरवायची आणि पिवळं-पांढरं एकजीव व्हायचं. हे थट्टेने सांगत नाही, ते खरोखर बाजारात होतं. ऑम्लेटात पांढऱ्या रेघा दिसतात, ही ज्याला संकट वाटते त्या माणसासाठी ते बनवलं होतं. हसवणाऱ्या संशोधनाला दिलं जाणारं ‘इग नोबेल’ १९९३ मध्ये ग्राहकोपयोगी अभियांत्रिकीसाठी रॉन पोपीललाच मिळालं. अशा माणसाची टर उडवायची तर त्याच्यापासून फार लांब जाऊन चालत नाही. विमानाने भाजी चिरणारं यंत्र कुणाला हसवणार नाही, कारण ते पोपीलच्या गावचंच नाही. मासा मिक्सरमध्ये घालणं मात्र त्याच्या अंड्यापासून फक्त एका पावलावर आहे.

आता चेहऱ्याबद्दल. या प्रकारात सांगणाऱ्याने हसायचं नसतं, एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण का हसायचं नाही हे बऱ्याचदा चुकीचं समजलं जातं. गंभीर चेहरा ही विनोदाची युक्ती म्हणून वापरली की ती लगेच दिसते. भुवया जरा जास्तच स्थिर राहतात, आवाज मुद्दाम सपाट होतो. अ‍ॅक्रॉइड सपाट नव्हताच. तो घाईत होता, उत्साही होता, त्याला तो मिक्सर विकायचा होता. फेरीवाल्याची खरी कळकळ त्याच्या तोंडी होती. त्याच्या जगात मासा दळणं ही सोय होती, आणि आपल्याला ती किळसवाणी वाटेल ही शक्यता त्याच्या मनाला शिवलेली नव्हती. लिहिताना हाच नियम पाळायचा असतो. कंपनीचं नाव ‘फसवे आणि मंडळी’ ठेवलं, यंत्राला ‘डोकेदुखी २०००’ म्हटलं, की खेळ तिथेच संपला. कुठली कंपनी स्वतःला फसवे म्हणवून घेईल? मराठी विनोदात ही सवय फार आहे. पात्राच्या आडनावातच विनोद करून टाकायचा आणि मग पुढची दोन पानं त्या आडनावाच्या जिवावर काढायची.

बास-ओ-मॅटिकमध्ये एक गोष्ट मात्र नव्हती, ती म्हणजे शेवटची बारीक अक्षरातली सूचना. ती या प्रकारात शिखराला पोचली त्याच कार्यक्रमात, १६ फेब्रुवारी १९९१ रोजी. जॅक हँडी या लेखकाची ती जाहिरात मुलांच्या रबरी चेंडूची होती आणि चेंडूचं नाव ‘हॅपी फन बॉल’. मुलं आनंदाने चेंडू उडवतात, किंमत चौदा डॉलर पंचाण्णव सेंट, जाहिरात संपली. संपली असं वाटतं तेवढ्यात फिल हार्टमन या नटाचा गोड, शांत आवाज सूचना वाचायला लागतो आणि वाचतच राहतो. मूळ जाहिरातीपेक्षा सूचना लांब.

सुरुवात अगदी सरकारी आहे. गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि दहा वर्षांखालची मुलं यांनी चेंडूच्या सान्निध्यात फार वेळ राहू नये. इथे प्रेक्षक नुसता सावध होतो, कारण चेंडू तर दहा वर्षांखालच्या मुलांचाच असतो. मग कळतं की चेंडू अचानक घातक वेग घेऊ शकतो. त्याच्या आत द्रव आहे, चेंडू फुटून तो बाहेर आला तर त्याला हात लावू नये, त्याचा वास घेऊ नये आणि त्याच्याकडे पाहूही नये. काँक्रीटवर वापरू नये. खाज, घेरी, अडखळतं बोलणं, तात्पुरतं अंधत्व असं काही जाणवल्यास वापर थांबवावा. धूर येऊ लागला तर पळून आडोसा घ्यावा आणि डोकं झाकावं. वापर नसताना तो खास डब्यात घालून थंड ठेवावा, नाहीतर बनवणारी कंपनी आणि तिची मालक असलेली रसायन कंपनी जबाबदार नाही. घटक पदार्थांत अवकाशातून पृथ्वीवर पडलेला एक अज्ञात, चमकणारा पदार्थ आहे. तेव्हा आखाती युद्ध चालू होतं. त्यामुळे हा चेंडू सौदी अरेबियातल्या अमेरिकी सैनिकांना पाठवला आहे, हेही कळतं, आणि लगेच पुढे, तोच चेंडू आपली विमानं इराकवर टाकत आहेत, हेही. आणि एक छोटीशी सूचना अशी की हॅपी फन बॉलला डिवचू नये.

ही सूचना छोटी असूनही लोकांच्या तोंडी राहिली, याला कारण आहे. इतर सगळ्या ओळी चेंडू काय करतो ते सांगतात. ही ओळ चेंडूला मन आहे असं सांगते, आणि कारण देत नाही. ते कारण आपण स्वतः रचतो. कुणीतरी त्याला डिवचलं असणार, काहीतरी झालं असणार, मग कंपनीच्या वकिलाने ही ओळ घालायला लावली असणार. बारीक अक्षरांची मोठी गंमत हीच आहे. प्रत्येक सूचना म्हणजे कधीतरी झालेल्या अपघाताची नोंद असते. वरच्या जाहिरातीत कंपनी खोटं बोलते आणि खाली, नाइलाजाने, पहिल्यांदा खरं बोलायला लागते. वाचणाऱ्याला दोन गोष्टी एकाच वेळी दिसतात. वर हसरी मुलं, आणि खाली, न दाखवलेली, प्रयोगशाळेतली धावपळ.

आपल्याला हे आवाज परके नाहीत. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीच्या शेवटी बाजारातल्या जोखमीचं ते वाक्य एका दमात, मागे कुत्रं लागल्यासारखं म्हटलं जायचं. २००८ मध्ये सेबीने त्यासाठी दोनऐवजी पाच सेकंद घ्यायला लावले. म्हणजे आपल्या देशात सूचना वाचण्याच्या वेगावर अधिकृत परिपत्रक आहे. विनोदी लेखकाला यापेक्षा जास्त कच्चा माल कोण पुरवणार?

तर एक जाहिरात इथेच करून पाहू. आधी यंत्र ठरवायचं. उडणारं पोळपाट सुचतं, पण ते बाद. ते विक्षिप्त आहे, पण पोळपाट उडत नाही ही कुणाची तक्रार नाही. यंत्राला खरी घरगुती अडचण हवी, आणि ती शक्यतो अशी हवी की जिच्यावरून घरात शब्दाला शब्द लागतो. मराठी घरात अशी एक अडचण रोज शिजते. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या?

ही अडचण दिसते त्याहून पक्की आहे. कुकरमध्ये वाफ कोंडली की आतला दाब बाहेरच्या हवेच्या साधारण दुप्पट होतो, त्यामुळे पाणी शंभरऐवजी एकशेवीस अंशांच्या आसपास उकळतं आणि डाळ लवकर शिजते. दाब त्यापुढे गेला की वाफ वरचं वजन उचलून बाहेर पडते, तीच शिट्टी. म्हणजे शिट्टी जास्तीची वाफ गेल्याचं सांगते, किती वेळ शिजलं ते सांगत नाही. गॅस मोठा असेल तर तीन शिट्ट्या भराभर होतात, बारीक असेल तर एकीची वाट बघत बसावं लागतं. शहाणपणाची रीत म्हणजे दाब आला की गॅस बारीक करून घड्याळ लावणं. पण आपण पिढ्यान्‌पिढ्या शिट्ट्याच मोजत आलो आहोत, आणि मोजताना चुकत आलो आहोत. विडंबनाला अशी जमीन लागते. माप मुळातच कच्चं, आणि त्यावर आपली श्रद्धा पक्की.

मग यंत्राची एकच खोड ठरवायची, माशासारखी. शिट्टी झाली की यंत्र तिची पोच देतं, आणि पोच म्हणून स्वतःही शिट्टी वाजवतं. बाकी सगळं खऱ्या जाहिरातीसारखं.

‘स्वयंपाकघरात हे रोज घडते. कुकर गॅसवर आहे. आपण फोनवर आहात. शिट्टी होते. ही दुसरी की तिसरी? घरातील तीन माणसे तीन आकडे सांगतात. डाळ मात्र एकच असते. आता चिंता नको. सादर आहे शिट्टीसाक्षी, घरगुती वापरासाठीचे स्वयंचलित शिट्टीनोंदणी यंत्र. कुकरशेजारी ठेवा आणि विसरून जा. कुकरने शिट्टी दिली की शिट्टीसाक्षी तत्काळ स्वतः एक शिट्टी वाजवून तिची पोच देते. एकही शिट्टी सुटत नाही, दोन्ही मोजल्या जातात. शेवटी एकूण बेरीज तारीख, वेळ आणि डाळीच्या नावासह छापून मिळते. तीन प्रती. पांढरी स्वयंपाकघरासाठी, गुलाबी सासूबाईंसाठी, पिवळी नोंदीसाठी. “आमच्याकडे वरणावरून अकरा वर्षे बोलणे बंद होते. शिट्टीसाक्षी आल्यापासून आम्ही लेखी बोलतो.” एक समाधानी गृहिणी, चाळीसगाव. सोबत मोफत: पावत्यांसाठी फाइल, टाचण्यांची डबी आणि “अर्धी शिट्टी: समज व गैरसमज” ही अठ्ठेचाळीस पानी पुस्तिका. किंमत फक्त १,४९९ रुपये. दुकानांत मिळत नाही. दुकानदारांनी नकार दिला आहे.’

आणि त्याखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत:

‘सूचना. शिट्टीसाक्षी हे मोजणीचे यंत्र असून शिजवण्याचे नाही. छापील आकड्याला दोनने भागावे. आकडा विषम आल्यास घरात आणखी कोणीतरी शिट्टी वाजवत आहे. यंत्र कुकरपासून दोन फूट अंतरावर ठेवावे. ते आपणहून जवळ सरकल्यास गॅस बंद करावा. दोन शिट्टीसाक्षी एका खोलीत ठेवू नयेत. ठेवल्यास कागद संपेपर्यंत थांबावे. रेल्वे जंक्शनपासून तीन किलोमीटरच्या आत वापर टाळावा. मनमाड येथील ग्राहकांनी छापलेल्या मालगाड्या कंपनी परत घेत नाही. वाहतूक पोलीस, कबड्डीचे पंच व शाळांतील पीटीचे शिक्षक यांनी यंत्रासमोर कर्तव्य बजावू नये. छापील आकडा घरातील ज्येष्ठ स्त्रीस मान्य नसल्यास यंत्र आपला आकडा मागे घेते. राजम्याबाबत कंपनी कोणतीही जबाबदारी स्वीकारत नाही. गॅसवर कुकर नसताना यंत्राने शिट्टी दिल्यास उत्तर देऊ नये. हमी एक वर्ष किंवा चौदा हजार शिट्ट्या, यांपैकी जे आधी होईल ते. आधी काय झाले हे यंत्र ठरवेल. सर्व वाद कुर्डुवाडी येथील न्यायालयाच्या अधिकारकक्षेत. कुर्डुवाडीत शिट्टीसाक्षी नेण्यास मनाई आहे. चित्रातील डाळ प्रातिनिधिक आहे.’

आता हे घड्याळ मागून उघडून पाहू. पहिलं वाक्य मुद्दाम निरुपद्रवी ठेवलं आहे. अशी वाक्यं खऱ्या पुस्तिकेत असतात आणि वाचणाऱ्याचा पाय तिथे टेकतो. दुसरं वाक्य सगळ्या यंत्राचा निकाल लावतं, कारण जे यंत्र मोजणी सोपी करायला आणलं त्याचा आकडा शेवटी माणसानेच भागायचा आहे. तिसऱ्यात हिशेब चालू राहतो. दर शिट्टीला एक पोच म्हणजे बेरीज नेहमी समच यायला हवी. विषम आली तर तिसरं कुणीतरी आहे. इथे भीती शिरते, पण ती गणितातून शिरते, म्हणून ती चालते. अशा सूचनांत वाटेल ते लिहायची मुभा आहे असं वाटतं, पण तसं नसतं. यंत्राच्या एका खोडीतून प्रत्येक ओळ निघाली पाहिजे. दोन शिट्टीसाक्षी एका खोलीत ठेवले तर ते एकमेकांना पोच देत बसतील, हे वाचणाऱ्याला क्षणभर थांबून स्वतः कळलं पाहिजे. मालगाड्या, पंच, पीटीचे शिक्षक हे सगळे शिट्टीवाले आहेत. तिथे ‘यंत्र पावसात भिजल्यास कविता करते’ असं लिहिलं असतं तर एक वेळ हसू आलं असतं, पण पुढच्या ओळीवरचा विश्वास उडाला असता.

ज्येष्ठ स्त्रीची ओळ मधोमध आहे आणि माझ्या मते ती या तुकड्यातली सगळ्यात खरी ओळ आहे. घरात शिट्ट्यांचा आकडा कोण ठरवतं, हे यंत्रालाही दोन दिवसांत कळलं. अशी एखादी ओळ असावी, जास्त नसाव्यात, कारण सासू-सुनेवरचे विनोद आपल्याकडे पोत्याने पडले आहेत आणि पोतं उघडलं की बंद होत नाही. राजम्याची ओळ ‘डिवचू नये’ याच जातीची आहे. कारण दिलेलं नाही, आणि ज्यांनी रात्री राजमा भिजवायचा विसरून सकाळी कुकर लावला आहे त्यांना ते लागणारही नाही. शेवटची ओळ पुन्हा पूर्ण सपाट. कमान चढवून झाली की वाचणाऱ्याला जमिनीवर आणून सोडायचं. चढत चढत शेवटी स्फोट घडवणं हा नवख्यांचा हमखास मोह असतो.

स्फोटावरून आठवलं. या प्रकाराला एक खरी मर्यादा आहे, तीही इथे सांगून टाकतो. कुकर खरोखर फुटतो. वाफेचा मार्ग अन्नकणांनी तुंबला, रबरी रिंग जुनी झाली, सुरक्षा झडपेच्या जागी कुणीतरी भलतंच काही ठोकून बसवलं, किंवा वाफ असताना झाकण जबरदस्तीने उघडलं, की माणसं भाजतात. म्हणून खोट्या सूचनेत असं एकही वाक्य नको की जे कुणी खरं मानून पाळलं तर इजा होईल. ‘शिट्टी अडकल्यास वजन दाबून धरावे’ हे वाक्य कदाचित जास्त हसवेल, पण ते लिहायचं नाही. वरच्या तुकड्यात यंत्र सरकलं तर गॅस बंद करायला सांगितलं आहे, आणि गॅस बंद केल्याने कुणाचं नुकसान होत नाही. दुसरी मर्यादा नावाची. पोपीलच्या कंपनीत एक अक्षर बदलणं अ‍ॅक्रॉइडला पचलं. आपण चालू कंपनीच्या नावाशी असा खेळ करू नये. ट्रेडमार्क आणि बदनामीचे खटले भरणारे वकील हसत नाहीत, आणि त्यांचा चेहरा खराखुरा गंभीर असतो.

खऱ्या आणि खोट्या जाहिरातीतली भिंत तशीही पातळ होत चालली आहे. ब्लेंडटेक या अमेरिकी मिक्सर कंपनीने २००६ मध्ये स्वतःचीच जाहिरात म्हणून छोट्या चित्रफिती काढायला सुरुवात केली. त्यांत कंपनीचे संस्थापक टॉम डिकसन पांढरा कोट घालून, अतिशय गंभीर चेहऱ्याने, मिक्सरमध्ये भलभलत्या वस्तू दळून दाखवतात. त्यांत अर्धी कोंबडी आणि कोकाकोला यांचं मिश्रण होतं, पुढे मोबाइल फोनही आले. तीस वर्षांपूर्वी अ‍ॅक्रॉइडने थट्टेने केलं ते कंपनीने धंद्यासाठी केलं, आणि मिक्सर खपले. रॉन पोपील २०२१ मध्ये गेला. त्याचं व्हेज-ओ-मॅटिक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवलेलं आहे.

आपल्याकडे शिट्टीसाक्षीला मात्र कायदाच आडवा येईल. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांनुसार खालच्या सूचनेने वरच्या दाव्याचा खुलासा करावा, पण त्याच्या विरुद्ध बोलू नये आणि महत्त्वाची माहिती लपवू नये. सूचना दाव्याच्याच भाषेत हवी, त्याच ठशात हवी, आणि दावा आवाजात असेल तर सूचनाही त्याच वेगाने यायला हवी. ‘छापील आकड्याला दोनने भागावे’ इथेच आमची जाहिरात नापास झाली, मुंगीएवढी अक्षरं हा पुढचा गुन्हा.

तेव्हा यंदाच्या दिवाळी अंकासाठी कुणी असं काही लिहीत असाल तर संपादकांना एवढं सांगा की ते खऱ्या जाहिरातींच्या पानांमध्ये न टाकता मजकुराच्या पानांत छापावं. आणि खाली फोन नंबर मुळीच देऊ नका, खोटासुद्धा. खोटा नंबरही कुणाचा तरी असतो, आणि शिट्टीसाक्षीची ऑर्डर देणारं कुणीतरी नक्की निघेल.